काळ्या पट्ट्यांवरचा भूप

नोटेशन न बघता, नुसतं ऐकून कीबोर्डवर गाणं बसवायचं असेल, तर सुरुवात ‘ज्योति कलश छलके’पासून करावी. ‘भाभी की चूड़ियाँ’ (1961) या चित्रपटासाठी सुधीर फडक्यांनी बांधलेली ही चाल लताबाईंनी गायली आहे. मुखडा भूपाच्या अंगाचा, म्हणजे सा रे ग प ध हे पाचच स्वर. काळी तीनचा सा धरला की हे पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवर येतात. मूळ रेकॉर्डची पट्टी तूर्त बाजूला ठेवा.

डाव्या हाताने काळी तीन आणि काळी एक, म्हणजे सा आणि प, दाबून धरा आणि त्या सुरात मुखडा गुणगुणा. ओळीतला जो स्वर लांबतो तिथे थांबा, तो गळ्यात धरून ठेवा आणि मगच पट्टी शोधा. असे मुक्कामाचे स्वर आधी पक्के झाले की मधल्या हरकती आपोआप जागेवर बसतात. घसरत येणारी मींड कीबोर्डवर निघत नाही. ती जिथे पोचते तो स्वर वाजवा.

इथे एक चूक हमखास होते. प लाच सा समजून गायला सुरुवात होते. पट्ट्या त्याच राहतात, पण भूपाचा दुर्गा होतो. ग ला सा मानलं तर चक्क मालकंस! ताळा सोपा आहे. मुखडा संपताना खाली सा-प वाजवा. चाल घरी आल्यासारखी वाटली नाही, तर सा चुकला आहे.

आता कॉर्ड. या पाच स्वरांत तीन सुरांच्या कॉर्ड दोनच बनतात: सा-ग-प ही मेजर आणि ध-सा-ग ही मायनर. चाल ध वर रेंगाळली की मायनर लावून पाहा. पुस्तकी सवयीने तिथे म-ध-सा सुचेल, पण त्यासाठी बोट पांढरी सातवर जातं, म्हणजेच भूपात नसलेला म वाजतो. कानाला ते गोड लागेलही, पण रंग बदलतो.

खरी अडचण रे ची. काळ्या पट्ट्यांवर रे ला घेणारी अशी एकही कॉर्ड नाही. प-नी-रे घ्यावी तर नी साठी पांढरी चार दाबावी लागते. माझ्या मते इथे नी गाळून फक्त प आणि रे वाजवावेत. सा कडे परतण्याची ओढ त्या दोन सुरांतही पुरेशी राहते आणि भूप शाबूत राहतो. शंका आली तर दोन्ही प्रकार लागोपाठ वाजवा आणि शेवटी आपल्या कानाचं ऐका.