नमुन्यात उपगट किती येईल, हे नशिबावर असते तेव्हा

समजा, एका तालुक्यात 4,000 शेतकरी कुटुंबे आहेत आणि त्यांतली 200 चिठ्ठ्या टाकून पाहणीसाठी निवडली. ठिबक सिंचन असलेली कुटुंबे खतांवर वर्षाला सरासरी किती खर्च करतात, हे शोधायचे आहे. ठिबक कोणाकडे आहे, याची यादी आधी हाती नाही. त्यामुळे 200 हा आकडा ठरवून घेतलेला असला, तरी त्यांत ठिबकवाले किती येतील हे ठरवता येत नाही. तालुक्यात अशी 600 कुटुंबे असतील तर नमुन्यात 30च्या आसपास येतील. पण 20 किंवा 40 आली तरी नवल नाही.

पाहणीत 30 आली, त्यांचा सरासरी खर्च 40,000 रुपये निघाला आणि प्रमाण विचलन 12,000 रुपये. ही सरासरी म्हणजे गुणोत्तर आहे: वर खर्चाची बेरीज, खाली कुटुंबांची संख्या, आणि चिठ्ठ्या बदलल्या की दोन्ही बदलतात. तरीही अडचण येत नाही. 30 आली हे एकदा मान्य केले की ती 30 कुटुंबे साऱ्या ठिबकवाल्यांमधून चिठ्ठ्या टाकूनच निवडल्यासारखी असतात. म्हणून 12,000ला 30च्या वर्गमूळाने भागायचे. एकूण कुटुंबांपैकी 5 टक्के पाहिली गेली, त्याची किरकोळ सूट धरली की प्रमाण त्रुटी सुमारे 2,135 रुपये येते. 20च कुटुंबे आली असती तर ती सुमारे 2,600 झाली असती.

एकूण खर्चाचे मात्र तसे नाही. नमुन्यातले प्रत्येक कुटुंब तालुक्यातल्या 20 कुटुंबांच्या जागी उभे आहे, म्हणून 30 कुटुंबांच्या 12 लाखांचे 2 कोटी 40 लाख होतात. इथे उरलेल्या 170 कुटुंबांचा खर्च शून्य धरून 200ही आकड्यांवरून त्रुटी काढावी लागते. ती सुमारे 41 लाख येते, म्हणजे अंदाजाच्या 17 टक्के. सरासरीत हेच प्रमाण जेमतेम 5 टक्के होते. ठिबकवाली कुटुंबे नेमकी 600 आहेत, हे सरकारी नोंदीतून कळले, तर 600ला 40,000ने गुणून तेच उत्तर मिळते आणि त्रुटी 13 लाखांच्या आत येते. सरासरीतून सुटलेली संख्येची अनिश्चितता एकूण रकमेत पुन्हा शिरते, ती अशी.

आधी गावे आणि मग गावांतली कुटुंबे निवडली असतील, तर आणखी एक चूक होते. ठिबक नसलेल्यांच्या ओळी फाइलमधून पुसल्या, की एकही ठिबकवाला न सापडलेली गावे हिशेबातून नाहीशी होतात आणि त्रुटी चुकीची निघते. ती गावे निवडली गेली होती, हीदेखील माहितीच आहे. त्यामुळे ओळी पुसू नयेत. पूर्ण फाइल ठेवून उपगटाला फक्त खूण करावी. उपगट फारच लहान असेल, तर सरासरीशेजारी नमुन्यातली कुटुंबसंख्याही छापावी.