सहा षटकांचा भाव

20 एप्रिल 2024 च्या रात्री दिल्लीच्या अरुण जेटली मैदानावर सनरायझर्स हैदराबादने पहिल्या सहा षटकांत बिनबाद 125 धावा केल्या. ट्रॅव्हिस हेडच्या 26 चेंडूंत 84, अभिषेक शर्माच्या 10 चेंडूंत 40 आणि वरून एक अवांतर. पाच षटकांतच शंभरी पार झाली होती. ट्वेंटी-20 मध्ये पॉवरप्लेत इतक्या धावा त्याआधी कोणीच केल्या नव्हत्या.

इंग्लंडमध्ये सट्टा कायद्याने चालतो. तिथले परवानाधारक बुकी सामन्याआधीच पहिल्या सहा षटकांच्या धावांवर एक आकडा लावतात. धावा त्याच्या वर जातील की खाली राहतील, एवढंच गिऱ्हाइकाने सांगायचं असतं. या आकड्याला ‘लाइन’ म्हणतात. त्या रात्रीच्या हैदराबादच्या डावासाठी लाइन काय असायला हवी होती? माझ्या हिशेबाने साडेएकोणसाठ. निकाल 125 लागला म्हणून हा आकडा चुकीचा ठरत नाही. तो कसा निघतो ते पाहिलं की कारण कळतं.

सुरुवात अगदी सामान्य संघापासून करू. पॉवरप्ले म्हणजे 36 चेंडू, आणि तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर फक्त दोन क्षेत्ररक्षक. समजा, सलामीवीर दर चेंडूला सरासरी 1.4 धावा काढतात आणि साधारण अठरा चेंडूंत एकदा बाद होतात. मग दोघे मिळून 36 पैकी किती चेंडू खेळतील? हिशेब मांडला तर उत्तर 23 च्या आसपास येतं. उरलेले तेरा चेंडू तिसऱ्या, चौथ्या क्रमांकाच्या फलंदाजांच्या वाट्याला जातात. ते नुकतेच आलेले असतात, त्यामुळे त्यांचा वेग 1.2 धरू. सलामीवीरांच्या 32, मागच्यांच्या 16 आणि वाइड-लेगबायच्या 3, अशा एकूण 51 धावा होतात. आयपीएलच्या अलीकडच्या हंगामांत पॉवरप्लेच्या धावा साधारण पन्नाशीच्या आसपास असतात, म्हणजे पाया ठीक बसला.

आता या पायावर हेड आणि अभिषेक यांना उभं करू. त्या हंगामाअखेर हेडचा स्ट्राइक रेट 191 च्या वर होता आणि अभिषेकचा 204 च्या वर. पण एप्रिलच्या मध्यावर हिशेब करणाऱ्याच्या हातात दोघांचे फक्त काही सामने होते. थोड्या चेंडूंवरून दिसणारा वेग निम्मा खरा आणि निम्मा योगायोग समजायचा असतो. म्हणून दिसणारा वेग स्पर्धेच्या सरासरीकडे खेचून घेतात. हेडसाठी 2 न धरता मी 1.7 धरेन, अभिषेकसाठीही तेवढाच. हे खेचणं किती असावं याचं ठरलेलं सूत्र नाही. लाइन लावणाऱ्याचं कसब बरंचसं इथेच दिसतं.

सामान्य सलामीवीरांपेक्षा हे दोघे दर चेंडूला 0.3 धावांनी पुढे आहेत. बहुतेक लोक इथेच फसतात. ते 0.3 ला 36 ने गुणतात आणि लाइनमध्ये अकरा धावा घालतात. पण हे दोघे सरासरीने 36 नव्हे, 23 चेंडूच खेळणार आहेत. वाढ सातची आहे, अकराची नाही. 51 चे 58 झाले. शिवाय इतके अंगावर येऊन खेळणारे फलंदाज बादही लवकर होऊ शकतात. त्यांच्यासाठी अठराऐवजी पंधरा चेंडू धरले, तर ही सातची वाढही आणखी आक्रसते. दूरदर्शनवर ‘विस्फोटक जोडी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सहा षटकं अखंड फटकेबाजी येते. त्यातली दोन-अडीच षटकं तिसऱ्याच कोणाच्या बॅटवर जाणार आहेत, हे कोणी मोजत नाही.

गोलंदाजांकडे येताना त्यांची नावं नुसती बघून चालत नाही, त्यांची षटकं मोजावी लागतात. समजा, एखादा गोलंदाज सरासरीपेक्षा षटकामागे दोन धावा कमी देतो. त्याने पॉवरप्लेत दोन षटकं टाकली तर लाइन चार धावांनी उतरते, एकच टाकलं तर दोनने. जसप्रीत बुमराहसारख्या गोलंदाजाची षटकं कर्णधार बहुधा डावाच्या शेवटासाठी राखून ठेवतो. मग बुमराह संघात आहे म्हणून लाइन चार धावांनी खाली आणणं म्हणजे शेवटच्या षटकांची किंमत सुरुवातीला वसूल करणं. ट्रेंट बोल्टसारखा गोलंदाज उलट्या प्रकारचा. त्याचं काम नव्या चेंडूने स्विंग करत पहिल्याच षटकांत गडी काढण्याचं आहे, त्यामुळे त्याची षटकं पॉवरप्लेत धरायलाच हवीत.

गडी पडण्याची किंमतही सगळीकडे सारखी नसते. पहिल्याच षटकात सलामीवीर बाद झाला, तर तो पुढे सरासरी अकराएक चेंडू खेळला असता. हेड गेला की 1.7 च्या जागी 1.2 चा फलंदाज येतो. अकरा चेंडूंवर साडेपाच धावा गेल्या. सामान्य सलामीवीर गेला तर फक्त दोन. म्हणून नव्या चेंडूवर गडी काढणारा गोलंदाज फटकेबाज जोडीला जास्त महाग पडतो. त्याच हंगामाने याचा पुरावा दिला. अहमदाबादच्या पहिल्या क्वालिफायरमध्ये कोलकात्याच्या मिचेल स्टार्कने दुसऱ्याच चेंडूवर हेडचा त्रिफळा उडवला आणि हैदराबादचे चार गडी पॉवरप्लेतच गेले. पाच दिवसांनी चेन्नईच्या अंतिम सामन्यात स्टार्कने पहिल्या षटकात अभिषेकला उडवलं, दुसऱ्या षटकात वैभव अरोराने हेडला शून्यावर परतवलं. हैदराबादचा अख्खा डाव 113 वर संपला. जोडी तीच होती. चेंडू कोणाच्या हातात आणि कितव्या षटकात होता, यावर सगळं फिरलं.

दिल्लीच्या सामन्यात मात्र गोलंदाजीसाठी मी काहीच वजा करणार नाही. खलील अहमद, नॉर्किये, मुकेश कुमार हे सरासरीच्या आसपासचे धरायचे. दोन डावखुऱ्यांसमोर दिल्लीने ललित यादवच्या ऑफस्पिनला दुसरं षटक दिलं. डावखुऱ्यापासून चेंडू बाहेर वळतो म्हणून हा डाव पुस्तकात बरोबर आहे. तरी ललित आणि डावखुरे अशी आकडेवारी फार थोड्या चेंडूंची असते. तिच्यावर एक-दीड धावेपेक्षा जास्त भरवसा टाकू नये. त्या रात्री ललितची दोन षटकं चाळीसच्या वर गेली.

राहिली सीमारेषा. नियमानुसार पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात ती खेळपट्टीच्या मध्यापासून 65 ते 90 यार्डांत असावी लागते, म्हणजे साधारण 59 ते 82 मीटर. ऑकलंडच्या ईडन पार्कसारखी जुनी मैदानं समोरच्या बाजूने यापेक्षाही आखूड आहेत. मैदान छोटं म्हणजे धावा जास्त, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी पॉवरप्लेत छोट्या मैदानाचा फायदा वाटतो तेवढा नसतो. वर्तुळाबाहेर दोघेच असताना वर्तुळ भेदून गेलेला चेंडू रेषा साठ मीटरवर असो की सत्तरवर, बहुधा चौकारच होतो. फरक पडतो तो उंच फटक्यांना, सीमेजवळच्या झेलाचा षटकार होतो तेव्हा. सामान्य पॉवरप्लेत दोन-तीन षटकार धरले आणि आखूड रेषेने त्यात अर्धा षटकार वाढवला, तर जमेला तीन धावा येतात. तोच चेंडू एरवीही एखादी धाव देऊन गेला असता, म्हणून खरी वाढ दोनची.

इथे दुहेरी मोजणीचा धोका असतो. बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाची सरासरी जास्त असते. त्या सरासरीत आखूड रेषा, सुमारे नऊशे मीटर उंचीवरची विरळ हवा आणि खेळपट्टी हे सगळं आधीच आलेलं असतं. ती सरासरी घेऊन वर ‘छोटं मैदान’ म्हणून पुन्हा तीन धावा घातल्या की लाइन फुगते. आणखी एक बारकावा: मैदानावर बऱ्याच खेळपट्ट्या शेजारी शेजारी असतात. सामना कडेच्या खेळपट्टीवर असेल तर एका बाजूची रेषा साठ मीटरवर येते आणि दुसऱ्या बाजूची बहात्तरवर जाते. अशा वेळी सरासरी अंतर निरुपयोगी ठरतं. आखूड बाजू डावखुऱ्याच्या लेगसाइडला कोणत्या षटकांत येते, ते बघावं लागतं.

दिल्लीसाठी दोन धावा घालून सरासरी 60 झाली. पण लाइन सरासरीवर लावत नाहीत, निम्म्या वेळा वर आणि निम्म्या वेळा खाली जाईल अशा आकड्यावर लावतात. 125 सारख्या रात्री सरासरीला वर ओढतात, तर शून्याखाली कोणी जात नाही. म्हणून मधला आकडा सरासरीपेक्षा किंचित खाली, 59 च्या आसपास असतो. बरोबरी होऊ नये म्हणून त्याला अर्धी धाव जोडतात. लोकांना ‘वर’ लावायला आवडतं, त्यामुळे बुकी साडेअठ्ठावन न लावता साडेएकोणसाठ लावतो. 59 च्या वर धावा साठ झाल्या की एकशेपंचवीस, भाव तोच. म्हणूनच 125 मुळे लाइन चूक ठरत नाही. ती तपासायची तर अशा शेकडो लाइनपैकी निम्म्या वर गेल्या का, ते पाहावं लागतं.

आता बुकीचा नफा. दोन्ही बाजूंना तो 1.90 चा भाव देतो, म्हणजे 100 लावून जिंकलात तर 190 परत. शक्यता निम्मी-निम्मी असेल तर दर शंभरामागे 95 च परत येतात. बरोबरीत राहायलाच गिऱ्हाइकाला शंभरात जवळजवळ 53 वेळा बरोबर ठरावं लागतं.

आपल्याकडच्या चोरट्या बाजारात यालाच ‘सेशन’ म्हणतात आणि आकडे दोन देतात, समजा 59-60. ‘नो’ लावणारा 59 पेक्षा कमी धावांवर जिंकतो, ‘येस’ लावणारा 60 किंवा त्याहून जास्तवर. बरोबर 59 झाल्या की दोघेही हरतात. अशा पसरट निकालांत कोणताही एक ठरावीक आकडा येण्याची शक्यता तीनेक टक्के असते, आणि तीच बुकीची कमाई. वर पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही. महाराष्ट्रात 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने हा धंदा गुन्हा आहे आणि ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवरही देशभर बंदी आणली आहे.