मूठ हातासाठी, भोक पाइपसाठी

चालायच्या काठीची मूठ दिसायला साधी असते. वरचा आडवा भाग तळहातात बसतो, त्याच्या मधून खाली एक दांडा निघतो आणि त्या दांड्यात 22 मिमी बाहेरच्या व्यासाचा ॲल्युमिनियमचा पाइप शिरतो. प्लास्टिकचे दोन अर्धे भाग स्क्रूने जोडले की मूठ तयार. पण कॉम्प्युटरवर ती बनवायला बसलं की पहिलाच प्रश्न अडवतो: स्केच काढून, एक्स्ट्रूड करून, कडांना फिलेट मारून सॉलिड करायचं, की सब-डी किंवा स्कल्प्ट मॉडेलिंगने हवा तसा आकार ओढून घ्यायचा? या प्रश्नाभोवती बरेच गैरसमज आहेत. काही नव्याने शिकणाऱ्यांचे आहेत, काही टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या लोकांचेही.

गैरसमज: सॉलिड म्हणजे टोकदार वस्तू, सब-डी म्हणजे गोलमटोल वस्तू

फरक दिसण्यात नाही, आकार साठवण्याच्या पद्धतीत आहे. सॉलिड मॉडेलमध्ये प्रत्येक पृष्ठभागाचं नेमकं गणित साठवलेलं असतं: हे सपाट प्रतल, हा 11 मिमी त्रिज्येचा दंडगोल, ही त्यांना जोडणारी 3 मिमीची फिलेट. सॉलिड हवं तेवढं गुळगुळीत करता येतं. अडचण येते ती मुठीसारख्या आकारात, जिथे आडवा छेद टोकापासून टोकापर्यंत सतत बदलत जातो. तिथे फिलेटवर फिलेट चढते, एका जागी तीन फिलेट भेटतात आणि कमांड नापास होते.

सब-डीमध्ये एक ढोबळ पिंजरा असतो, त्याला केज म्हणतात. तो शक्यतो चौकोनी फेसचा करतात. सॉफ्टवेअर प्रत्येक चौकोनाचे चार, त्या चारांचे सोळा असे भाग करत बिंदूंची सरासरी काढत जातं आणि शेवटी एक सलग, मऊ पृष्ठभाग मिळतो. एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी 1978 मध्ये मांडलेली ही पद्धत आजही बहुतेक सॉफ्टवेअरचा पाया आहे. स्कल्प्टिंग हे याहून वेगळं. तिथे लाखो बारीक फेस असतात आणि ते ब्रशने दाबायचे, फुगवायचे, घासायचे. चेहरा, मूर्ती, दागिन्यावरचं उठावाचं काम यांना स्कल्प्ट योग्य. मुठीच्या बाबतीत स्कल्प्टचा उपयोग आकार शोधण्यापुरता. तो सापडला की त्यावर मोजक्या चौकोनांचा केज नव्याने बसवावा लागतो, कारण लाखो फेसांच्या पृष्ठभागावर एक वळण दोन मिलिमीटर वर उचला म्हटलं तर धरायचं काय हेच कळत नाही.

गैरसमज: जितके जास्त फेस, तितका गुळगुळीत आकार

केजच्या बाबतीत नेमकं उलट आहे. अख्ख्या मुठीला पन्नास-साठ फेस पुरतात. फेस वाढवले की बिंदू वाढतात, आणि प्रत्येक बिंदू शेजाऱ्यापेक्षा किंचित वरखाली झाला की तिथे लाट तयार होते. स्क्रीनवर ती दिसत नाही, झेब्रा ॲनालिसिस लावलं की पट्टे थरथरलेले दिसतात. गुळगुळीतपणा बिंदूंमधल्या मोकळ्या अंतरातून येतो. म्हणून आधी सर्वात कमी फेसमध्ये मूठ बसवायची आणि जिथे आकार ऐकतच नाही तिथेच एक एज लूप वाढवायची.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चार ऐवजी पाच कडा जिथे भेटतात ते बिंदू. आडव्या भागाच्या खालच्या बाजूचा चौकोन निवडून त्यातून दांडा खाली एक्स्ट्रूड केला की त्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर असे बिंदू तयार होतात, ते टाळता येत नाहीत. तिथे पृष्ठभाग जोडलेला राहतो, कोपराही पडत नाही, पण वक्रता सलग राहत नाही. मुठीत हीच जागा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधली असते, म्हणजे बोटाला चिमटा जाणवण्याची सर्वात वाईट जागा. उपाय सोपा आहे. एक्स्ट्रूड करण्याआधी तो चौकोन इनसेट करायचा आणि आतला भाग खाली ओढायचा. मग पाच कडांचे बिंदू बाहेरच्या चौकटीवर, सपाट भागात राहतात आणि बोटाजवळच्या खोल वळणात फक्त चार कडांचे बिंदू उरतात. चकचकीत फिनिश असेल तर एवढी काळजी घ्यावीच लागते. मॅट टेक्स्चर असेल तर उरलासुरला दोष झाकला जातो, पण बोटाला जाणवणारा उंचवटा टेक्स्चरने झाकला जात नाही.

गैरसमज: सब-डीत गोल भोक खरं गोल येत नाही, म्हणून ते मापाच्या कामाचं नाही

हा गैरसमज मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण निष्कर्ष जवळपास बरोबर आहे, पण कारण चुकीचं आहे.

समजा ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पाइपच्या भोकासाठी आठ बिंदूंची कडी काढली आणि ते आठही बिंदू 22 मिमी व्यासाच्या वर्तुळावर चोख बसवले. सब-डीचा मऊ पृष्ठभाग त्या बिंदूंतून जात नाही, त्यांच्या सरासरीतून जातो. आठ बिंदूंच्या कडीत तो केंद्रापासूनच्या अंतराच्या सुमारे 90.2 टक्क्यांवर बसतो. म्हणजे भोक होतं 19.85 मिमी. पाइप शिरणारच नाही. सोळा बिंदू घेतले तरी 21.44 मिमी.

पण गोलाई? आठ बिंदूंच्या कडीत सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान व्यासात फरक येतो सुमारे 0.025 मिमी. प्लास्टिकच्या मुठीसाठी हे भोक पुरेसं गोल आहे. चार बिंदूंच्या कडीत मात्र हा फरक व्यासाच्या जवळपास 3 टक्के येतो, तेव्हा चार बिंदूंचं भोक कधीच काढू नये. आठ बिंदूंची कडी 24.38 मिमीवर बसवली की 22 मिमीचं भोक मिळतं, हिशेब जमतो.

मग अडचण कुठे? ते माप कुठेच लिहिलेलं राहत नाही. केजचा प्रत्येक बिंदू त्याच्याभोवतीच्या फेसांच्या दोन रांगांवर परिणाम करतो. उद्या दांड्याचा बाहेरचा आकार थोडा बारीक करायला शेजारचा बिंदू सरकवला की भोकाचा आकारही गुपचूप बदलतो. पुरवठादाराने 22 ऐवजी 25 मिमीचा पाइप पाठवला तर सॉलिडमध्ये एक आकडा बदलून काम होतं, इथे पुन्हा कडी हलवत बसावं लागतं. म्हणून भोक सब-डीत काढायचंच नाही. बाहेरचा आकार भरीव ठेवायचा, त्याचं सॉलिड करायचं आणि मग त्यातून सॉलिडच्या साधनांनी दंडगोल कापायचा. स्क्रूचे बॉस, रिब, दोन अर्ध्यांना जोडणारी खाच हे सगळं त्याच टप्प्यावर.

गैरसमज: एसटीएल काढलं की सॉलिड झालं

एसटीएल म्हणजे त्रिकोणांची यादी. त्यात एककही नसतं. 120 हा आकडा मिलिमीटर की इंच, हे फाइल सांगत नाही. थ्रीडी प्रिंटरला तेवढं पुरतं. साचा करणाऱ्याला पुरत नाही. ती फाइल कॅडमध्ये आणून सॉलिड केली तर प्रत्येक त्रिकोणाचा एक वेगळा सपाट फेस होतो. हजारो फेसांच्या त्या गठ्ठ्यावर ना फिलेट बसते, ना ड्राफ्ट धड तपासता येतो.

बरोबर वाट केजमधून जाते, त्रिकोणांमधून नाही. फ्यूजनमध्ये फॉर्ममध्ये बनवलेला आकार `Finish Form` केला की, ऱ्हायनोमध्ये सब-डीवर `ToNURBS` चालवलं की, केजचं गणित सलग पृष्ठभागांत उतरतं. आकार कुठेही उघडा नसेल आणि स्वतःलाच छेदत नसेल तरच ते सॉलिड होतं. मुठीत छेदण्याची जागा ठरलेली आहे: दांडा आणि आडवा भाग यांच्या मधली खोबण, जिथे घाईत बिंदू एकमेकांना ओलांडून जातात.

सॉलिड झालं की 2.5 मिमी भिंतीचं शेल. ते नापास झालं तर दोष बहुतेकदा टोकाशी असतो. बाहेर फुगलेल्या भागाची त्रिज्या 2.5 मिमीपेक्षा कमी असेल तर आतल्या भिंतीला जागाच उरत नाही. अशा वेळी सॉलिडशी झुंजण्यात अर्थ नाही. केजवर परत जायचं, टोकाचे बिंदू थोडे लांब करायचे आणि पुन्हा रूपांतर करायचं. म्हणूनच केज असलेली फाइल कधी पुसू नये.

गैरसमज: गोलाईला ड्राफ्ट आपोआप मिळतो

मिळतो, पण पार्टिंग लाइनजवळ नाही. मूठ उभी चिरून दोन अर्धे केले आणि साचा आडवा उघडतो असं धरू. तळहाताखालचा माथा 60 मिमी त्रिज्येने वळलेला असेल तर मधल्या रेषेपासून पहिल्या 1 मिमीत ड्राफ्ट 1 अंशापेक्षा कमी असतो. टेक्स्चरसाठी 3 अंश हवे असतील तर हा पट्टा दोन्ही बाजूंना 3 मिमीपेक्षा रुंद होतो आणि भाग साच्यातून निघताना तिथलं टेक्स्चर खरवडलं जातं. त्या पट्ट्यात टेक्स्चर सोडून द्यायचं किंवा मधली लूप थोडी उचलून माथा अधिक गोल करायचा. यासाठी मधली लूप पहिल्यापासून एकाच प्रतलात असली पाहिजे. सिमेट्री चालू ठेवून काम केलं तर ती असतेच.

गैरसमज: जितका ऑरगॅनिक आकार, तितका हाताला बरा

बोटांच्या खाचा कोरलेली मूठ दुकानात छान दिसते. पण त्या खाचा एकाच मापाच्या हाताला जुळतात. आजोबांच्या जाड बोटांना खाचांमधले उंचवटे टोचतात, आजींचं बोट उंचवट्यावरच येतं. काठीची मूठ कोण धरणार हे आपल्याला माहीत नसतं, तेव्हा खालची बाजू सलग ठेवून माथा रुंद करणं जास्त बरं, म्हणजे शरीराचा भार तळहाताच्या मोठ्या भागावर पसरतो. खाचा शोभतात त्या एकाच माणसासाठी हाताचा ठसा घेऊन बनवलेल्या मुठीला, आणि तिथे स्कल्प्ट खरंच कामी येतं.

एखाद्या पृष्ठभागाला सब-डी हवं की सॉलिड, हे ठरवताना मी तो कशाला टेकतो ते बघते. हात, पाय, चेहरा, वारा यांना टेकणारा आणि सतत वळण बदलणारा भाग केजमध्ये. दुसऱ्या भागाला, बेअरिंगला, स्क्रूला किंवा टेबलाला टेकणारा भाग सॉलिडमध्ये. भिंतीवरच्या स्विचबोर्डच्या डब्याला सब-डी वापरण्यात वेळ जातो आणि हाती काही येत नाही. त्याच्या कडांना 1 मिमीची फिलेट पुरते. मुठीत मात्र दांड्याचं खालचं तोंड, जिथे पाइप आत शिरतो, ते केजमध्ये कितीही सुंदर वळलेलं असलं तरी शेवटी सपाट कापून टाकायचं, कारण तिथे पाइपवर बसणारी रबरी कडी टेकते आणि तिला सपाट जागाच लागते.