गोठ्यातून येणारा ताप : ब्रुसेल्लोसिस

ब्रुसेल्लोसिस हा ब्रुसेल्ला नावाच्या जिवाणूमुळे जनावरांना होणारा आणि त्यांच्यापासून माणसाला लागणारा आजार आहे. गायी-म्हशींत तो मुख्यतः ब्रुसेल्ला अबॉर्टस या जातीमुळे होतो, तर शेळ्या-मेंढ्यांत ब्रुसेल्ला मेलिटेन्सिसमुळे. पशुवैद्यकात त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाभण गाय बहुधा शेवटच्या तीन-चार महिन्यांत गाभडते आणि पुष्कळदा तिची वार अडकून राहते. टाकलेला गर्भ, वार आणि स्राव जिवाणूंनी भरलेले असतात. पुढे गाय धडधाकट दिसत असली तरी तिच्या दुधातून जिवाणू बाहेर पडत राहू शकतात.

दुधाचा हा धागा भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर सापडला. तिथल्या ब्रिटिश सैनिकांना येणाऱ्या चिवट तापाचा जिवाणू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये शोधला. पण तो येतो कुठून, हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांचे रक्त तपासले तेव्हा कळले. सैनिकांना शेळीचे निरसे दूध देणे बंद झाले आणि तापाचे रुग्ण झपाट्याने घटले. आपल्याकडे दूध तापवण्याची रीत असल्याने बराच बचाव होतो. धारोष्ण दूध पिणाऱ्यांना आणि गोठ्यात काम करणाऱ्यांना मात्र धोका राहतोच.

उदाहरणादाखल एक गोठ्यातला कामगार घेऊ. त्याने गाभडलेल्या गायीची वार उघड्या हातांनी ओढून काढली आणि हातावरच्या ओरखड्यांतून जिवाणू शरीरात शिरले. तीन आठवड्यांनी त्याला संध्याकाळी ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम आणि कंबरदुखी सुरू झाली. मलेरियाची तपासणी कोरी आली. टायफॉइड समजून दिलेल्या गोळ्यांनी ताप उतरला आणि काही दिवसांनी परत आला. अशा वेळी ‘जनावरांशी संबंध येतो का?’ हा प्रश्नच निदानाची दिशा बदलतो.

पहिली चाचणी रोझ बेंगॉल. गुलाबी रंग दिलेले मृत जिवाणू आणि रुग्णाच्या रक्तद्रवाचा थेंब पट्टीवर मिसळून चार मिनिटे हलवतात. रक्तात प्रतिपिंडे असतील तर जिवाणूंच्या गुठळ्या दिसतात. त्यानंतर नळीतली चाचणी होते. रक्तद्रव १:२०, १:४०, १:८० असा दर वेळी दुप्पट पातळ करत नेतात आणि गुठळी शेवटी कुठल्या नळीत दिसते ते पाहतात. लक्षणांसोबत १:१६० किंवा त्याहून जास्त आकडा आला तर आजाराची शक्यता दाट मानतात.

या कामगाराचा पहिला आकडा १:८० आला, म्हणजे संशयाला जागा राहिली. जनावरांत वावरणाऱ्यांच्या रक्तात जुन्या संसर्गाची प्रतिपिंडेही असू शकतात. दोन आठवड्यांनी घेतलेला दुसरा नमुना १:३२० आला. ही चौपट वाढ म्हणजे ताज्या संसर्गाची खूण. चाचणी उलटही फसवते. प्रतिपिंडे फारच जास्त असतील तर सुरुवातीच्या नळ्यांत गुठळीच बनत नाही. प्रयोगशाळा तिथेच थांबली तर आजार निसटतो. म्हणून नळ्या पुढेपर्यंत लावाव्या लागतात. रक्तातून जिवाणू वाढवणे हा सर्वांत भक्कम पुरावा. पण त्याला अनेक दिवस लागतात आणि हवेतून संसर्गाचा धोका असल्याने प्रयोगशाळेला संशय आधीच कळवावा लागतो.

उपचाराची अडचण जिवाणूच्या लपण्यात आहे. त्याला गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीतच तो तगून राहतो. एकच औषध थोडे दिवस दिले तर ताप जातो, जिवाणू उरतो. म्हणून प्रौढांना पेशीत शिरणारे डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सहा आठवडे देतात आणि सोबत पहिले दोन ते तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनचे रोज एक इंजेक्शन. इंजेक्शन शक्य नसेल तर सहा आठवडे रिफॅम्पिसिन जोडतात. मात्र या जोडीनंतर आजार उलटण्याचे प्रमाण अधिक आढळते. रिफॅम्पिसिन हे क्षयावरचेही औषध असल्याने ते देण्यापूर्वी क्षय नाही याची खात्री करावी लागते. लहान मुले आणि गरोदर स्त्रियांसाठी औषधे वेगळी असतात, तर मणक्यात संसर्ग असल्यास उपचार तीन महिने किंवा अधिक चालतो.

आजार उलटतो तो बहुधा उपचार संपल्यावर पहिल्या वर्षात, आणि तेही बऱ्याचदा गोळ्या मध्येच सोडल्यामुळे. बरे झाल्यावरही रक्तातला आकडा महिनोन्‌महिने वर राहू शकतो. त्यामुळे केवळ आकड्यावरून पुन्हा औषधे सुरू करत नाहीत, लक्षणेही पाहतात.

माणसासाठी लस नाही. जनावरांत चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना आयुष्यात एकदा लस देतात. त्या लशीत जिवंत जिवाणू असतात, त्यामुळे टोचताना सुई हाताला लागली तर लस देणाऱ्यालाच हा आजार होऊ शकतो. गाभडलेल्या जनावराला हात लावताना हातमोजे घालणे, वार व गर्भ चुन्यासह खोल पुरणे आणि दूध उकळून पिणे, एवढ्याने माणसाकडे येणारे बहुतेक मार्ग बंद होतात.