पिवळा दिवा: डिफ लॉक लागलाय की बिघाड आहे?

पावसाळ्यात शेताच्या बांधाशी पिकअप रुतते. चालक मागच्या डिफरन्शियलच्या लॉकचं बटण दाबतो आणि डॅशबोर्डवर एकदम दोन-तीन पिवळे दिवे दिसू लागतात. त्यातला एखादा लुकलुकत असतो. अशा वेळी बरेच जण घाबरून बटण पुन्हा बंद करतात. पण यातले बहुतेक दिवे बिघाडाचे नसतात. कोणता दिवा काय सांगतो, हे टोयोटाच्या हायलक्सवरून पाहू.

मागच्या दोन चाकांमधलं डिफरन्शियल वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं. चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल, तर काटकोनात वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा सुमारे 2.4 मीटर जास्त धावावं लागतं. हीच सोय चिखलात अडचण होते. एक चाक घसरून जागीच फिरत राहतं आणि पकड असलेलं दुसरं चाक उभं राहतं. लॉक लावलं की दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात.

बटण दाबणं ही फक्त मागणी असते. आतले दाते समोरासमोर येऊन एकमेकांत बसले, तरच लॉक लागतं. ते बसले का, हे तिथला सेन्सर सांगतो. म्हणून दिवा आधी लुकलुकतो आणि दाते बसल्यावर स्थिर होतो. लुकलुकणं म्हणजे ‘काम चालू आहे’, स्थिर दिवा म्हणजे ‘लॉक लागलं’. फोर व्हील ड्राइव्हचा ‘4WD’ दिवाही असाच वागतो.

रंगावर मात्र फार विसंबू नये. हिरवा म्हणजे सुरळीत, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे धोका, हा सर्वसाधारण संकेत खरा. पण अनेक गाड्यांत डिफ लॉक व्यवस्थित लागल्याचा दिवाही पिवळाच असतो, कारण हे लॉक विसरून डांबरी रस्त्यावर गाडी पळवू नये.

आता चिखलातल्या गाडीकडे येऊ. गाडी थांबवून, चाकं फिरत नसताना बटण दाबलं. दिवा लुकलुकतोच आहे, म्हणजे दाते जुळलेले नाहीत. स्टिअरिंग किंचित डावीकडे-उजवीकडे हलवत गाडी अगदी सावकाश थोडी पुढे-मागे घेतली की दिवा स्थिर होतो. त्याच वेळी ‘ABS’ आणि ‘VSC OFF’ हे दिवेही लागतात. एबीएस प्रत्येक चाकाचा वेग वेगळा मोजून ब्रेक आवरतं. मागची दोन्ही चाकं एकत्र बांधली गेल्यावर त्याला तसं करता येत नाही, म्हणून हायलक्समध्ये ते तेवढ्यापुरतं बंद होतं. हे दिवे बिघाडाचे नाहीत. ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यास चाकं जाम होऊन घसरू शकतात, म्हणून वेग माणसाच्या चालण्याइतकाच ठेवावा.

गाडी बाहेर निघाली, बटण बंद केलं, तरी दिवा जात नाही. याचं नेहमीचं कारण म्हणजे दात्यांवर अडकून राहिलेला ताण. कठीण जमिनीवर लॉक लावून वळलं की टायर घासतात आणि तो ताण सुटायला वाव मिळत नाही. अशा वेळी स्टिअरिंग सरळ ठेवून काही मीटर मागे, मग पुढे जावं. ताण सुटला की दाते वेगळे होतात आणि लॉकच्या दिव्याबरोबर ‘ABS’ आणि ‘VSC OFF’ हे दिवेही जातात. कोरड्या डांबरावर फोर व्हील ड्राइव्ह वापरल्यावर ‘4WD’ दिवा अडून बसतो, तोही याच कारणाने.

हे सगळं करूनही दिवा लुकलुकत राहिला, तर तो बिघाड समजावा. बटण न दाबता चालू गाडीत तो आपोआप लुकलुकू लागला, किंवा लॉक सुटल्यावरही ‘ABS’ दिवा तसाच राहिला, तरीही तेच. दोष अ‍ॅक्च्युएटर मोटरमध्ये, सेन्सरमध्ये किंवा चिखल-पाण्याने गंजलेल्या वायरिंगच्या जोडात असू शकतो. लॉक खरोखर सुटलं नसण्याची शक्यता धरून गॅरेजपर्यंत हळू जावं आणि कठीण रस्त्यावर तीव्र वळणं टाळावीत.

उलटा प्रकारही घडतो. सेन्सर खराब असेल, तर लॉक लागूनही दिवा स्थिर होत नाही. मोकळ्या मातीत सावकाश वळून पाहावं. मागची चाकं घासत, गाडी सरळच जाऊ पाहत असेल, तर लॉक लागलेलं आहे आणि खोटा दिवा आहे. मेकॅनिककडे गेल्यावर नुसतं ‘दिवा लागतो’ असं सांगू नये. तो लुकलुकत होता की स्थिर होता, बटण चालू होतं की बंद, सोबत कोणते दिवे होते आणि मागे-पुढे केल्यावर काय झालं, या चार गोष्टी सांगितल्या, तर दोष दात्यांकडे शोधायचा की वायरिंगकडे, हे त्याला लवकर कळतं.