गिझर बंद, तारखा चालू

पुण्यात नोव्हेंबर लागला की पहाटेचं पाणी अंगावर घेववत नाही. भाड्याच्या घरातला गिझर नेमका तेव्हाच मान टाकतो. मग सुरू होतात फोन. "काका, गिझर जरा बघायचा होता." "हो हो, पाठवतो माणूस." माणूस येत नाही, आला तर बघून जातो, आणि महिना उलटतो. पुढे कधी घर सोडताना डिपॉझिटमधून गिझरचे पैसे कापले जातात, तेव्हा 'तुम्ही मला कधी सांगितलंत?' या प्रश्नाला भाडेकरूकडे उत्तर असतं ते फक्त तोंडी.

म्हणून एका टप्प्यानंतर फोन थांबवून ई-मेल लिहावी लागते. ती लिहिताना मालकापेक्षा एखादा तिसरा माणूस डोळ्यांसमोर ठेवावा. हा माणूस ना तुम्हाला ओळखतो ना मालकाला, पण तेवढी एक ई-मेल वाचून त्याला काय बिघडलं, कधी बिघडलं, मालकाला कधी कळलं आणि आता काय हवंय हे समजलं पाहिजे. सोसायटीचे सेक्रेटरी, मालकाचा अमेरिकेतला मुलगा, वेळ आलीच तर वकील, यांपैकी कोणीही तो असू शकतो.

लिहायला बसण्याआधी ॲग्रीमेंट काढा. आपल्याकडे बहुतेक घरं 'लिव्ह अँड लायसन्स'वर दिली जातात आणि नोंदणीकृत करारात शेवटी घरातल्या वस्तूंची यादी असते: पंखे इतके, ट्यूब इतक्या, गिझर एक. यादीत गिझर असेल तर तो मालकाने घरासोबत दिलेला आहे हे तिथेच ठरलं. त्याच करारात बहुधा असंही असतं की भाडेकरूकडून झालेलं नुकसान भाडेकरूने भरून द्यायचं, मात्र नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली. गिझरची कॉइल क्षाराने खाल्ली जाते ती या झिजेत बसते. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असलेल्या सोसायट्यांत कॉइलवर पांढरा थर चढतो, तिची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, ती आतून तापत राहते आणि एक दिवस जाते. किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करायची असं कलम कुठे कुठे असतं. तुमच्या करारात ते असेल, तर कॉइल किरकोळ की मोठी यावर वाद होणार हे गृहीत धरूनच लिहा.

आता एक उदाहरण घेऊ. गिझर पंधरा लिटरचा, करार जून २०२५ पासूनचा, बिघाड नोव्हेंबरातला. ई-मेल अशी:

"विषय: बाथरूममधील गिझर ३ नोव्हेंबरपासून बंद, ८ डिसेंबरपर्यंत दुरुस्तीची विनंती

काका, नमस्कार.

बाथरूममधला गिझर सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५ पासून बंद आहे. बटण दाबलं की घरातली सगळी वीज जाते. गिझर बंद ठेवला की वीज नीट राहते. धोका नको म्हणून तेव्हापासून तो वापरलेला नाही.

त्याच दिवशी मी तुम्हाला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. ९ नोव्हेंबरला आपलं फोनवर बोलणं झालं. १४ नोव्हेंबरला तुम्ही पाठवलेले इलेक्ट्रिशियन येऊन गेले. कॉइल बदलावी लागेल, तुमच्याशी बोलून येतो, असं ते म्हणाले. २२ नोव्हेंबरला मी पुन्हा मेसेज केला. अजून काम झालेलं नाही.

कृपया सोमवार, ८ डिसेंबर, संध्याकाळी ६ पर्यंत दुरुस्ती करून द्यावी. घरी रोज सकाळी ९ पर्यंत आणि शनिवार-रविवारी दिवसभर कोणीतरी असतं.

तोपर्यंत जमणार नसेल, तर मी माझ्या ओळखीच्या माणसाकडून काम करून घेऊ का? त्याने कॉइल आणि मजुरी मिळून १,४०० रुपये सांगितले आहेत. पावती तुम्हाला पाठवून ही रक्कम जानेवारीच्या भाड्यातून वळती करण्यास तुमची संमती याच ई-मेलवर कळवावी.

व्हिडिओ आणि मेसेजचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत."

यात 'काका' तसेच राहिले आहेत. 'कायदेशीर कारवाई', 'मानसिक त्रास' हे शब्द कुठेच नाहीत, आणि त्यावाचून काही अडत नाही. बिघाडाच्या ठिकाणी निदान न करता फक्त लक्षण लिहिलं आहे. 'कॉइल गेली' हे आपण म्हटलं आणि निघाली वायरिंगची भानगड, तर आपलंच म्हणणं लटकं पडतं. बटण दाबताच घराची वीज जाते म्हणजे ईएलसीबी पडतं आहे, बहुधा कुठेतरी करंट गळतो आहे, एवढं जाणकाराला त्या वाक्यावरून कळतं. नुसता दिवा लागून पाणी गार राहणं किंवा टाकीतून पाणी ठिबकणं ही वेगळी दुखणी. गळणाऱ्या टाकीवर सहसा दुरुस्तीचा उपाय नसतो, गिझरच बदलावा लागतो, आणि मग मुदतही त्याप्रमाणे द्यावी लागते.

सगळ्यात वजनदार ओळ १४ नोव्हेंबरची आहे. मालकाने स्वतः माणूस पाठवला म्हणजे बिघाड त्याला माहीत होता आणि दुरुस्ती आपल्याकडे आहे असं त्याने निदान तेव्हा तरी धरलं होतं. फोनवरच्या बोलण्याला मात्र पुरावा नसतो. त्यावर साधा उपाय म्हणजे फोन ठेवल्या ठेवल्या एक मेसेज टाकायचा: "आत्ता बोलल्याप्रमाणे, शुक्रवारी इलेक्ट्रिशियन येईल." त्यावर मालकाचा नुसता अंगठा आला तरी तारीख पक्की झाली.

मुदतीबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार मालकाने दुरुस्ती टाळली, तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतो, आणि वर्षभरात ही कपात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाच्या वर जाऊ शकत नाही. हे ऐकून अनेकजण परस्पर भाडं कमी भरतात. पण ही सोय त्या कायद्यातल्या भाडेकरूला आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत परवानाधारक. त्याचं सगळं करारावर चालतं. करारात नसताना त्याने पैसे कापले तर थकबाकीदार तोच ठरायचा. म्हणून वरच्या ई-मेलमध्ये कपातीची धमकी नाही, संमती मागितली आहे. 'लवकरात लवकर' याला मात्र काही अर्थ नाही. कॉइल बदलणं तासा-दोन तासांचं काम, त्याला सात दिवस पुष्कळ झाले.

ई-मेल करारात दिलेल्या पत्त्यावरच पाठवा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ प्रमाणे, ज्या पत्त्यावर संदेश घ्यायचं ठरलेलं असतं तिथे तो पोचला की मिळाला असं धरलं जातं; उघडला की नाही हा मुद्दा उरत नाही. पुढची स्मरणपत्रं त्याच ई-मेलला उत्तर म्हणून लिहिली की सगळा क्रम एकाखाली एक राहतो. प्रकरण कोर्टात गेलंच तर नुसत्या प्रिंटआउटवर भागत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यामुळे मूळ मेसेज फोनमधून पुसू नका.

मालकाची संमती आली आणि काम तुम्ही करून घेतलंत, तर पावतीवर तारीख आणि 'गिझर कॉइल' असं लिहून घ्या. जुनी कॉइल माणसाला लगेच नेऊ देऊ नका. तिच्यावरच्या पांढऱ्या थराचा फोटो काढून पावतीसोबत त्याच ई-मेलला जोडा. बिघाड तुमच्या हातून झाला की पाण्यामुळे, यावर डिपॉझिटच्या वेळी वाद निघाला तर तो उपयोगी पडेल.