दोन टॉवरांमधली मोकळी वाट

एका टॉवरवरून दुसरा टॉवर डोळ्यांना दिसला, म्हणजे रेडिओ संदेश विनाअडथळा पोहोचेलच असे नाही. लहरी दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेबरोबर तिच्या भोवतालच्या लांबोळ्या, मध्यभागी फुगीर पट्ट्यातूनही जातात. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ऑगस्तीं फ्रेनेल यांच्या नावावरून या पट्ट्याला पहिले फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. अडथळ्याच्या जागी रेषेखाली या क्षेत्राच्या त्रिज्येच्या निदान ६० टक्के जागा मोकळी असावी लागते. डोंगराची धार रेषेला नुसती टेकली, तरी सुमारे ६ डेसिबल घट होते, म्हणजे पोहोचणारी शक्ती चौथाईवर येते.

तपासणी भूछेदापासून सुरू होते. उपग्रह किंवा अंतराळयानाने मोजलेल्या उंचीवरून दोन टॉवरांमधल्या जमिनीचा चढउतार आलेखावर काढतात. समजा, टॉवरांमध्ये २० किलोमीटर अंतर आहे. पहिल्याची जमीन समुद्रसपाटीपासून ५६० मीटर, दुसऱ्याची ५७५ मीटर आणि दोन्ही अँटेना ३० मीटर उंचीवर आहेत. पहिल्यापासून ८ किलोमीटरवर ५७८ मीटर उंचीची टेकडी आहे. तिच्यावरून रेषा ५९६ मीटरवरून जाते. वरवर पाहता १८ मीटर जागा शिल्लक दिसते.

पण पृथ्वी गोल असल्याने मधली जमीन रेषेच्या दिशेने वर येते. हवेत लहरी किंचित खाली वाकतात. हे धरून टेकडीपर्यंतची दोन्ही बाजूंची अंतरे, ८ आणि १२, गुणून १७ ने भागली की ही वाढ मिळते: सुमारे ५.६ मीटर. टेकडीवर १० मीटर उंच झाडे असतील तर खरी मोकळी जागा जेमतेम २.४ मीटर उरते. झाडे विसरणे ही इथली सर्वात महागात पडणारी चूक आहे, कारण उंचीच्या नोंदींत त्यांचा शेंडा पूर्णपणे येईलच असे नाही.

५.८ गिगाहर्ट्झवर टेकडीपाशी फ्रेनेल त्रिज्या सुमारे १५.८ मीटर येते, म्हणजे ९.५ मीटर मोकळीक हवी. जवळपास ७.१ मीटर कमी पडतात. दुसरा टॉवर १८ मीटरने वाढवावा लागेल. पहिला मात्र १२ मीटरनेच, कारण टेकडी त्याच्या जवळ आहे आणि तिथली उंची रेषेला अधिक उचलते.

हवेची स्थिती बदलून लहरी उलट वर वाकू लागल्या, तर पृथ्वीची फुगवटी वाढून ११.३ मीटरपर्यंत जाऊ शकते. वाढवलेल्या टॉवरावरही तेव्हा मोकळीक ४ मीटरच्या आसपास राहते. रेषा अडत नाही, पण संदेश क्षीण होतो. झाडेही वाढतच राहतात. म्हणून ज्या जोडणीत खंड चालणार नाही, तिथे ४२ मीटरचा हिशेब पुरेसा मानू नये. काही मीटर अधिक उंची ठेवून टेकडीवर प्रत्यक्ष जाऊन सर्वात उंच झाड मोजून घ्यावे.